विक्री ११ टक्के वाढली आणि नफा जवळजवळ दुप्पट झाला, पण म्हणूनच नवीन मशिनचा हिशेब जपून करा

प्रश्न: गोकुळ शिरगावला माझं मशिनिंग जॉबवर्कचं युनिट आहे, सात मशिन. गेल्या वर्षी विक्री १ कोटी ८० लाखांवरून २ कोटी झाली आणि करापूर्वीचा नफा १६ लाखांवरून थेट ३० लाख. व्याज वर्षाला १० लाख जातं. आता दोन मिळून ८० लाखांच्या दोन व्हीएमसी मशिन घ्यायचा विचार आहे, २० लाख माझे, ६० लाख बँकेचे. ग्राहक म्हणतो लोड देतो. आमचे सीए म्हणतात की तुमचं ऑपरेटिंग लिव्हरेज आधीच जास्त आहे, त्यावर फायनान्शियल लिव्हरेज चढवू नका. या दोन्हींत नेमका फरक काय, आणि एवढा चांगला नफा असताना भीती कशाची?

उत्तर:

मी बावीस वर्षं बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणं तपासली आणि आता याच भागातल्या युनिट्सना सल्ला देतो. तुमच्या सीएंचं म्हणणं मला पटतं. पण नुसतं पटून भागणार नाही, ते तुमच्याच आकड्यांत दिसायला हवं, म्हणून तुमच्याच गेल्या वर्षापासून सुरू करतो.

विक्री २० लाखांनी वाढली आणि नफा १४ लाखांनी. म्हणजे वाढीव विक्रीतल्या प्रत्येक १०० रुपयांतले ७० रुपये सरळ नफ्यात उतरले. उरलेले ३० रुपये इन्सर्ट, कूलंट, मशिन चालल्याची वीज, रिजेक्शन आणि टेम्पोभाडं यांत गेले. हा तुमचा बदलता खर्च, काम वाढलं की वाढणारा आणि घटलं की घटणारा. विक्रीतून तो वजा केल्यावर जे उरतं त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. २ कोटींवर ते १ कोटी ४० लाख येतं. त्यातून व्याजाचे १० लाख आणि नफ्याचे ३० लाख काढले की १ कोटी राहतात. हा तुमचा स्थिर खर्च: ऑपरेटर आणि सुपरवायझरचे पगार, शेडचं भाडं, विजेचा डिमांड चार्ज, विमा, देखभालीचे करार, ऑफिस आणि घसारा. तुमच्या आकाराच्या युनिटमध्ये यातला निम्म्याहून अधिक भाग पगाराचा असतो आणि घसारा २० लाखांच्या आसपास. पुढे मी तोच आकडा धरला आहे.

विक्री १ कोटी ८० लाख असतानाही हा १ कोटीचा खर्च तेवढाच होता. नफ्याने उडी मारली ती यामुळे. शेडचं भाडं वाढलं नाही, माणसं वाढली नाहीत, त्याच मशिनवर जास्त तास काम निघालं. खर्च जागच्या जागी राहिल्यामुळे विक्रीतला छोटा बदल नफ्यात मोठा होऊन दिसतो, त्याला ऑपरेटिंग लिव्हरेज म्हणतात. शाळेत शिकलेली तरफ आठवा. टेकू जागेवर असतो, एका टोकाला हात थोडा हलवला की दुसरं टोक भरपूर हलतं, आणि ते वर जातं तसं खालीही येतं.

मोजायची रीत सोपी आहे. कॉन्ट्रिब्युशनला व्याजापूर्वीच्या नफ्याने भागायचं. तुमचा व्याजापूर्वीचा नफा ४० लाख, म्हणून १४० भागिले ४०, उत्तर ३.५. याचा अर्थ, काम १० टक्क्यांनी वाढलं तर व्याजापूर्वीचा नफा ३५ टक्क्यांनी वाढेल आणि १० टक्क्यांनी घटलं तर तेवढाच घटेल. आता हेच गणित १ कोटी ८० लाखांच्या विक्रीवर करून बघा. तिथे कॉन्ट्रिब्युशन १२६ लाख आणि व्याजापूर्वीचा नफा २६ लाख, भागाकार ४.८५. युनिट तेच, मशिन तीच, माणसं तीच, पण आकडा वेगळा. बरेच जण हा आकडा युनिटचा कायमचा गुण समजतात. खरं तर तो तुम्ही ब्रेक-इव्हनपासून, म्हणजे ना नफा ना तोटा या विक्रीपासून, किती दूर उभे आहात ते सांगतो. तुमचा व्याजापूर्वीचा ब्रेक-इव्हन १ कोटी ४३ लाखांवर आहे. त्याच्या जवळ जाल तसा आकडा फुगतो, दूर जाल तसा उतरतो.

दुसरी तरफ व्याजापूर्वीच्या नफ्याच्या खाली बसते. ४० लाखांतून १० लाख व्याज जातं आणि ३० तुमच्या हातात उरतात. व्याजापूर्वीचा नफा निम्म्यावर आला तरी बँक ५ लाख व्याज घेत नाही, १० लाखच घेते. म्हणून वरच्या आकड्यातला धक्का खाली आणखी मोठा होतो. ४० भागिले ३० म्हणजे १.३३, हे तुमचं फायनान्शियल लिव्हरेज. दोन्ही तरफा एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणून त्यांची बेरीज न होता गुणाकार होतो: ३.५ गुणिले १.३३, साधारण ४.६७. काम १० टक्क्यांनी घटलं तर तुमचा नफा ३० लाखांवरून १६ लाखांवर येईल, म्हणजे जवळजवळ ४७ टक्के घट. गेल्या वर्षी तुम्ही १६ वरून ३० वर चढलात तो हाच जिना आहे, उतरायलाही तोच.

एक गोष्ट सीए सहसा सांगत नाहीत, कारण सूत्रात ती दिसत नाही. हे सगळं गणित काम कमी-जास्त होण्याचं आहे, दर कमी-जास्त होण्याचं नाही. काम १० टक्के घटलं तर निदान इन्सर्ट आणि वीज तरी वाचते. पण ग्राहकाने आवररेट, म्हणजे मशिनतासाचा दर, १० टक्के कापला तर काहीच वाचत नाही. तास तेवढेच, इन्सर्ट तेवढेच, बिल २० लाखांनी कमी. तुमचा व्याजापूर्वीचा नफा ४० वरून २० वर आणि हातात येणारा ३० वरून १० वर. काम घटल्यावर ४७ टक्के गेले होते, इथे ६७ टक्के गेले. आणि मंदीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. काम कमी झालं की शेजारचा शेडवाला म्हणतो, मशिन बंद ठेवण्यापेक्षा कमी दरात घेऊ, निदान पगार तरी निघेल. त्याच्या जागी त्याचं बरोबरच असतं, कारण त्याचाही खर्च स्थिर आहे आणि बदलत्या खर्चाच्या वर मिळेल तो रुपया त्याला हवाच आहे. पण एमआयडीसीतले पन्नास जण असा विचार करतात तेव्हा सगळ्यांचाच दर पडतो. ज्या धंद्यात ऑपरेटिंग लिव्हरेज जास्त, त्या धंद्यात मंदीत दर टिकत नाहीत. हे मी प्रत्येक मंदीत पाहिलं आहे.

आता नवीन मशिनकडे येऊ. दोन व्हीएमसी दिवसाला वीस तास आणि वर्षाला ३०० दिवस चालले तर मिळून १२ हजार तास होतात. ५०० रुपये आवररेट धरला तर ६० लाखांची वाढीव विक्री. ही सगळ्यात चांगली परिस्थिती. दोन पाळ्यांचे चार ऑपरेटर म्हणजे वर्षाला सुमारे १० लाख, तपासणी, विमा, देखभाल आणि वाढीव डिमांड चार्ज मिळून ६ लाख, घसारा ८ लाख. म्हणजे स्थिर खर्च २४ लाखांनी वाढला. ६० लाखांच्या कर्जावर १० टक्क्यांनी पहिल्या वर्षी सुमारे ६ लाख व्याज.

मशिन पूर्ण भरली तर विक्री २६० लाख, कॉन्ट्रिब्युशन १८२, स्थिर खर्च १२४, व्याजापूर्वीचा नफा ५८, व्याज १६ आणि तुमच्या हातात ४२ लाख. गंमत म्हणजे इथे एकूण लिव्हरेज वाढत नाही, उलट ४.६७ वरून ४.३३ वर येतं. बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नेमकं हेच पान असतं आणि ते खोटंही नसतं. फक्त ते एकाच परिस्थितीचं पान असतं.

दुसरी परिस्थिती अशी. जुन्या ग्राहकांचं काम १० टक्के घटलं आणि नवीन मशिन निम्मीच भरली. यात विचित्र काहीच नाही, बाजार उतरला की जुनं आणि नवीन दोन्ही एकदमच उतरतं. जुनी विक्री १८०, नवीन ३०, एकूण २१० लाख. गेल्या वर्षीपेक्षा १० लाखांनी जास्तच आहे हे लक्षात घ्या. कॉन्ट्रिब्युशन १४७, त्यातून १२४ स्थिर खर्च गेला, राहिले २३, त्यातून १६ व्याज गेलं, राहिले ७. विक्री ५ टक्क्यांनी वाढली आणि नफा ३० लाखांवरून ७ लाखांवर आला. या जागी एकूण लिव्हरेज १४७ भागिले ७, म्हणजे २१ आहे. इथून काम आणखी ५ टक्के घटलं की तुम्ही तोट्यात. याच क्षणी जीएसटी रिटर्नवर तुमची उलाढाल वाढलेली दिसत असते आणि बाहेरून बघणारा म्हणत असतो, यांचं जोरात चाललंय.

पण नफा-तोट्याचं पत्रक इथे अर्धंच बोलतं. कर्जाचा हप्ता म्हणजे नुसतं व्याज नव्हे. मुद्दलाची परतफेड खर्चात धरली जात नाही, त्यामुळे ती त्या पत्रकात कुठेच दिसत नाही, पण खात्यातून दर महिन्याला जाते. उलट घसारा पत्रकात दिसतो, पण खिशातून जात नाही. म्हणून युनिट तगेल की नाही हे बघताना मी एक वेगळी रेषा काढतो. घसारा सोडून स्थिर खर्च, व्याज, वर्षभराची मुद्दल आणि मालकाच्या घरचा खर्च, एवढ्यांची बेरीज करून ०.७० ने भागायचं. जी विक्री येईल तिच्याखाली गेलात की कुणाचं तरी देणं थकणार.

तुमचा आजचा हिशेब बघू. घसारा सोडून स्थिर खर्च ८० लाख, व्याज १०, जुन्या कर्जाची मुद्दल १२ धरू, घरखर्च महिना एक लाख म्हणजे १२. एकूण ११४ लाख. ०.७० ने भागले की १६३ लाख. आज विक्री २०० लाख आहे, म्हणजे काम १८ टक्क्यांपर्यंत घटलं तरी सगळ्यांची देणी वेळेवर जातील. दोन मशिन घेतल्यावर स्थिर खर्च ९६, व्याज १६, मुद्दल २४ (६० लाख पाच वर्षांत फेडायचे म्हणजे वर्षाला १२ लाखांची भर), घरखर्च १२. एकूण १४८, भागिले ०.७०, उत्तर २११ लाख. आयकर मी बाजूला ठेवला आहे. या पातळीवर नफा इतका थोडा असतो की कराने चित्र बदलत नाही, थोडं बिघडतंच.

१६३ वरून २११. आज तुमची विक्री २०० आहे. म्हणजे मशिन घेतल्या दिवसापासून आजचं सगळं काम जसंच्या तसं टिकलं तरी ते पुरणार नाही, नवीन मशिनवर काम आलंच पाहिजे. भीती कशाची, याचं उत्तर मला या दोन आकड्यांत दिसतं. नफा किती पट हलेल हा पुढचा प्रश्न. आधी पायाखालची फळी ३७ लाख खोल होती, ती आता डोक्याच्या ११ लाख वर गेली.

यातही एक वेळेचा फरक आहे. मशिनची ऑर्डर दिली की आगाऊ रकमेसाठी कर्ज उचललं जातं आणि व्याज सुरू होतं. मशिन येणार, बसणार, फिक्श्चर तयार होणार, ट्रायल लॉट जाणार, ग्राहकाची मंजुरी येणार आणि मग नियमित काम सुरू होणार. यात तीन-चार महिने सहज जातात. बँक मुद्दलाला सहा महिन्यांची सवलत देते ती यासाठीच, पण त्या काळातलं व्याज आणि नव्या ऑपरेटरचा पगार तुमच्या जुन्या सात मशिनलाच भरायचा असतो.

२०१८ ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी ट्रकची विक्री अशी होती की आपल्या भागातल्या फौंड्र्या आणि मशिनशॉप कमी पडत होते. शिरोलीतल्या एका युनिटने तीन मशिन घेतली, जवळजवळ पूर्ण कर्जावर. प्रकरण माझ्याच टेबलावरून गेलं आणि मी ते शिफारस करून पुढे पाठवलं. गेल्या तीन वर्षांचे आकडे उत्तम होते, ग्राहक मोठा होता. मी बघितलं नाही ते एवढंच, की हे आकडे ज्या तरफेने वर आणले तीच खाली नेणार आहे.

पुढे काय झालं ते नोंदलेलं आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची एक्सलमागची अनुज्ञेय भारमर्यादा वाढवली, साधारण २० ते २५ टक्क्यांनी. म्हणजे आहेत त्याच ट्रकमधून जास्त माल कायदेशीरपणे नेता येऊ लागला आणि नव्या ट्रकची गरज कमी झाली. त्याच वर्षी आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने देणी थकवली आणि ट्रकला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचा पैसा आटला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार म्हणून जुन्या मॉडेलचा साठाही कमी केला गेला. देशातली व्यापारी वाहनांची विक्री २०१८-१९ मध्ये १० लाखांच्या वर होती, ती २०१९-२० मध्ये ७.२ लाखांच्या आसपास आली आणि कोरोनाच्या वर्षात ५.७ लाखांवर.

त्या शिरोलीच्या युनिटचं काम पहिल्या वर्षी चौथ्या हिश्श्याने घटलं. मालक काटकसरी माणूस होता, उधळपट्टी कुठेही नव्हती. त्याने तिसरी पाळी बंद केली, शेडमालकाला भेटून काही महिन्यांचं भाडं कमी करून घेतलं, विजेची डिमांड कमी करायचा अर्ज दिला. ऑपरेटरना मात्र काढलं नाही, कारण हाताखाली तयार झालेला व्हीएमसी ऑपरेटर एकदा पुण्याला गेला की परत येत नाही. एवढं करून त्याने स्थिर खर्च बराच खाली आणला. हप्ता मात्र एका रुपयानेही खाली आला नाही. शेवटी तीनातलं एक मशिन त्याने घेतल्या किमतीच्या निम्म्यात विकलं. त्या वेळी सगळेच विकत होते, म्हणून निम्मे. कर्ज मात्र पूर्ण किमतीवरचंच होतं.

दोन्ही लिव्हरेजमधला खरा फरक मला तिथे कळला. पुस्तकात दोघांचं सूत्र एकाच साच्याचं असतं, पण संकटात दोन्ही खर्च सारखे वागत नाहीत. स्थिर खर्चामागे माणसं असतात. शेडमालक, ऑपरेटर, देखभालीचा ठेकेदार यांच्याशी बोलता येतं, थोडं मागेपुढे होतं, कारण तुम्ही बंद पडलात तर त्यांचंही नुकसान आहे. कर्जाचा करार मात्र तारखेला बांधलेला असतो आणि हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं, मग शाखा व्यवस्थापकाची इच्छा असली तरी त्याच्या हातात फारसं राहत नाही. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा दिली होती, पण व्याज त्या काळातही चढतच होतं.

आणि व्याजाला स्थिर म्हणतो तेही पूर्ण खरं नाही. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ वर गेला. तुमच्या ६० लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला दीड लाख. आकडा मोठा वाटत नाही, पण दुसऱ्या परिस्थितीत तुमचा नफाच ७ लाख होता, त्यातला पाचवा हिस्सा एवढ्यानेच गेला.

लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या ट्रस्टबद्दलही लोकांचा एक गैरसमज असतो, तुम्हाला बँक ते सुचवेलच. तारणाशिवाय कर्ज मिळतं हे खरं. पण ती हमी बँकेसाठी आहे. तुमचं खातं बुडालं तर ट्रस्ट बँकेचं नुकसान काही अंशी भरून देतो, तुमचं देणं तसंच उभं राहतं. घर गहाण पडत नाही हा मोठा दिलासा आहे, पण त्याने लिव्हरेज तसूभरही कमी होत नाही, उलट हमीची फी खर्चात वाढते.

कर्ज वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी घ्या. त्याच्या १०० रुपयांच्या विक्रीत बहुतेक रक्कम गुळाच्याच खरेदीची असते. माल विकला नाही तर नवा घेत नाही, खर्च आपोआप थांबतो. त्याचं ऑपरेटिंग लिव्हरेज फार कमी, म्हणून मालाच्या तारणावरची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, त्याला झेपते. तुमच्याकडे १०० रुपयांत ७० कॉन्ट्रिब्युशन आहे. याच कारणाने तुमचा नफा झपाट्याने वाढतो आणि याच कारणाने तुम्हाला कर्ज त्याच्यापेक्षा कमी झेपतं.

म्हणून माझा सल्ला असा: दोनऐवजी एक मशिन घ्या आणि तुमचे २० लाख त्या एकातच घाला. ४० लाखांचं मशिन, २० तुमचे, २० बँकेचे. स्थिर खर्च १२ लाखांनी वाढेल, व्याज २ लाखांनी, मुद्दल ४ लाखांनी. चांगल्या वर्षात विक्री २३० लाख आणि नफा ३७ लाख. दोन मशिन पूर्ण भरली असती तर ४२ मिळाले असते, म्हणजे तुम्ही ५ लाख सोडले. वाईट वर्षात, जुनं काम १० टक्के कमी आणि नवीन मशिन निम्मं भरलेलं असताना, विक्री १९५ आणि नफा १२.५ लाख. दोन मशिन असती तर ७ होते. आणि ती तगण्याची रेषा २११ ऐवजी १८३ लाखांवर येते. आजच्या विक्रीपेक्षा खाली, साडेआठ टक्के मोकळीक ठेवून. खरंच दोन मशिनचं काम आलं तर वरचं काम वर्षभर बाहेर तासाच्या दराने करून घ्या. प्रत्येक तासामागे तुमचा फायदा कमी होईल, पण काम थांबलं तर तो खर्चही त्याच दिवशी थांबेल. वर्षभर काम टिकलं की दुसऱ्या मशिनचा हिशेब नव्याने करू. तोपर्यंत जुन्या कर्जाची १२ लाख मुद्दलही फिटलेली असेल.

हे सगळं करण्याआधी माझा ७०-३० चा आकडा तुमच्या युनिटला खरंच लागू आहे का ते तपासा, कारण तो मी तुमच्या फक्त दोन वर्षांच्या आकड्यांवरून काढला आहे. टॅलीमधून गेल्या बारा महिन्यांतला सगळ्यात जास्त विक्रीचा आणि सगळ्यात कमी विक्रीचा महिना काढा आणि दोन्ही महिन्यांचा घसारा-व्याज सोडून खर्च मांडा. समजा जास्तीच्या महिन्यात २० लाख विक्रीवर १२.७ लाख खर्च झाला आणि कमीच्या महिन्यात १२ लाखांवर १०.३ लाख. विक्रीतला फरक ८, खर्चातला २.४, म्हणून बदलता खर्च ३० टक्के. दिवाळीचा बोनस किंवा मोठी दुरुस्ती असलेला महिना घेऊ नका, आकडा फसवेल. तुमचा आकडा ४० टक्के निघाला तर वरच्या सगळ्या रेषा नव्याने काढाव्या लागतील, कारण भागाकार ०.७० ऐवजी ०.६० ने होईल आणि स्थिर खर्चही तेवढा कमी निघेल.

एकदा मशिन आलं की दर महिन्याला दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. सीसी खातं महिन्याच्या शेवटीही मर्यादेच्या टोकाला चिकटून राहू लागलं, आणि टर्म लोनचा हप्ता सीसीतून जाऊ लागला, तर समजा की विक्री रेषेखाली गेली आहे. ताळेबंद वर्षाने येतो, हे लक्षण त्याच्या सहा-आठ महिने आधी दिसतं. इन्सर्टवाल्याची उधारी साठ दिवसांवरून नव्वदवर सरकते ती साधारण याच सुमाराला. हे दिसलं की हप्ता थकण्याची वाट न बघता त्याच महिन्यात बँकेत जाऊन बोला. खातं नियमित असताना मुदत वाढवून मिळायला वाव असतो, थकल्यावर तो झपाट्याने कमी होतो.

राहिला तुमचा ग्राहक. तो लोड देतो म्हणतो, पण कागदावर काय देतो ते विचारा. ओपन पीओवर, म्हणजे खुल्या खरेदी-ऑर्डरवर, दर लिहिलेला असतो, संख्या बहुधा नसते, आणि दर महिन्याचं शेड्युल त्याला हवं तेव्हा बदलता येतं. त्याच्याकडून निदान एका वर्षासाठी महिन्याला किमान किती तास, आणि तेवढे दिले नाहीत तर मशिनतासाचा काही हिस्सा देण्याची तयारी, एवढं लिहून मिळतं का बघा. मोठे ग्राहक सहसा नाही म्हणतात. नाही म्हणाला तर तो स्वतःचा स्थिर खर्च तुमच्या शेडमध्ये ठेवतो आहे आणि त्यासाठीचं कर्ज तुमच्या नावावर निघणार आहे, हे धरूनच मग दोन की एक ते ठरवा.